बहात्तर आणि सोळा

दूध तपासणाऱ्या बाईंना डेअरीतले हमाल पाठीमागे ‘नाकबाई’ म्हणत, आणि हे बाईंना ठाऊक होतं. त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. सव्वीस वर्षं त्यांनी नाकाचीच भाकरी खाल्ली होती. सकाळी साडेपाचला टँकर आला की झाकण उघडायचं, चेहरा तोंडाशी न्यायचा, एक श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. हा गोठ्याच्या ओल्या फडक्याचा वास. हा साठवणीतल्या शिळेपणाचा. हा कुणीतरी कॅन न धुता भरल्याचा. त्यानंतर नळ्या, पेट्या, बशा, सूक्ष्मदर्शक वगैरे सगळं व्हायचं, पण त्या सगळ्यातून नाकाचा शब्द खोटा पडल्याचं फारसं कुणाला आठवत नव्हतं.

अशी बाई स्वतः दुधाचा थेंब घेत नसे. घरी चहा कोरा. एकदा एका लग्नात खिरीची वाटी हातात आली तेव्हा त्यांनी ती शेजारच्या कुंडीत ओतली, आणि कुंडीला पाहून त्यांनाच वाईट वाटलं. लोकांना वाटे, दुधात राहून कंटाळा आला असेल. तसं नव्हतं. दुधात काय काय पडतं, राहतं आणि वाढतं, ते ज्याने भिंगाखाली पाहिलंय त्याला दूध पांढरं दिसत नाही.

डेअरी मध्यम होती. एक लांब शेड, डावीकडे टँकरची जागा, मधे पाश्चरायझर, उजवीकडे बाटल्या भरायचं यंत्र आणि त्यापलीकडे थंड खोली. पाश्चरायझर चालवायचे ते मामा. ते कुणाचेच मामा नव्हते, पण पस्तीस वर्षं एका यंत्राशी संसार केल्यावर माणूस सगळ्यांचाच मामा होतो. बाई नवीन नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना पहिल्यांदा यंत्र समजावून सांगणारे तेच. “हे बघ पोरी,” ते म्हणाले होते, “इथून थंड दूध जातं, पत्र्यांमधून तापतं, मग या वाकड्यातिकड्या पाइपातून फिरतं, आणि तेवढ्यात जे मरायचं ते मरतं. पाइप उगाच वाकडा नाही. त्याची लांबी म्हणजे वेळ.”

तो पाइप भिंतीला तीन फेऱ्यांनी टांगलेला होता. तापलेल्या दुधाला त्यातून जायला सोळा सेकंद लागत. कायद्याला पंधरा हवे होते, एक सेकंद मामांनी आणि बाईंनी मिळून जास्तीचा ठेवला होता.

सहा महिन्यांपूर्वी नवे साहेब आले. ते आधी सरबतं बाटलीत भरणाऱ्या कारखान्यात होते. माणूस वाईट नव्हता, पण दुधाला तो सरबतच समजत होता. आल्या आल्या त्यांनी दूरच्या दोन गावांचे टँकर सुरू केले. ते टँकर अर्धा दिवस वाटेत असत, त्यांचा थंडावा अर्ध्या वाटेतच संपे. पहिल्या दिवशी बाईंनी झाकण उघडलं आणि मागे सरकून रुमाल नाकाला लावला.

“परत पाठवा,” त्या म्हणाल्या.

“बाई, परत कसं पाठवणार? दूध तर पांढरंच दिसतंय.”

“चुना कालवलेलं पाणीही पांढरंच दिसतं, साहेब.”

साहेब हसले. मग पाश्चरायझरपाशी गेले आणि मामांना म्हणाले, “हे किती वर आहे?” मामा म्हणाले, बहात्तर. “ऐंशी करा. सगळं मरून जाईल.”

झालं. बहात्तरचा काटा ऐंशीवर गेला आणि तिथेच बसला. घाण आली की ताप वाढवा: साहेबांच्या हाती जणू जादूचा झाडूच लागला.

बाईंना याची किळस आली. वासाची नव्हे, विचाराची. घाणेरडं दूध तापवून निर्जंतुक झालं तरी ते स्वच्छ झालं असं म्हणणं म्हणजे मेलेला उंदीर उकळून पाण्याला ‘शुद्ध’ म्हणण्यासारखं. जंतू मरतात, पण मरण्याआधी त्यांनी केलेला उद्योग मागे राहतो. त्यांनी सोडलेले पाचक रस तापालाही दाद देत नाहीत आणि चार दिवसांत बाटलीतलं दूध कडू करतात.

त्यांनी साहेबांना टेबलाशी बसवून कागदावर आकडे मांडून दाखवले.

“तापात जंतू एकदम मरत नाहीत. ठरलेल्या वेळेत ठरलेला हिस्सा मरतो. समजा एका वाईट जंतूला बहात्तर डिग्रीला तीन सेकंद पुरतात, दहातले नऊ मरायला. पुढच्या तीन सेकंदांत उरलेल्यातले दहातले नऊ. पुस्तकात याला दशांश घट काल म्हणतात, मी नुसतं दशांश वेळ म्हणते. पंधरा सेकंदांत पाच दशांश वेळा बसतात. लाखाचा एक होतो.”

“मग उरलेला एक?”

“म्हणून सुरुवातीला लाख आहेत की कोट, याला महत्त्व. तुम्ही टँकर घाण घेतलात तर शेवटी उरणारेही जास्त.”

“म्हणजे ऐंशीच बरं ना? जास्त मरतील.”

“जंतूंसाठी बरं. सहा डिग्री वाढवलं की दशांश वेळ दहापट घटतो. ऐंशीला तो सेकंदाच्या सातव्या हिश्श्याएवढा होतो. पाइपात दूध सोळा सेकंद असतं. हिशोब करा, तुम्ही मेलेल्याला शंभरदा मारताय.”

“मारू देत. नुकसान काय?”

“चवीचं. जंतू जेवढ्या लवकर मरतात तेवढ्या झपाट्याने चव बिघडत नाही, म्हणूनच पूर्वीची त्रेसष्टला अर्धा तास तापवायची रीत सोडून बहात्तरला पंधरा सेकंद आलं. कमी वेळ, जास्त ताप: जंतू मरतात, चव वाचते. पण आपला पाइप सोळा सेकंदांचाच आहे, तो आखूड होत नाही. ऐंशीला तेवढंच थांबलं की दुधातली प्रथिनं मोडतात, त्यातून गंधकाचा वास सुटतो. उकडलेल्या अंड्याचा.”

“मला नाही येत वास.”

“तुम्हाला येत नाही हेच तर दुःख आहे,” असं बाई तोंडावर म्हणाल्या नाहीत. मनात म्हणाल्या.

घरी मात्र सासूबाईंना वास येत होता. सासूबाई पंच्याऐंशीच्या, डोळे अधू, कान निम्मे, पण जीभ तलवारीची. सकाळी बाटलीतलं गार दूध ग्लासात घेऊन एक घोट पीत आणि ग्लास टेबलावर दाणकन ठेवत.

“अगं, हे तुमच्या डेअरीचं आहे का भांडी धुवायचं पाणी?”

“आमचंच आहे, आई.”

“मग पगार दुसऱ्या कुणाकडून घे. यांचा घेताना लाज वाटेल.”

बाईंना हसूही आलं आणि रागही. तक्रारी दुकानांतूनही यायला लागल्या होत्या: दूध जळकं लागतं, कॉफीत तेल सुटल्यासारखं लागतं, मुलं पीत नाहीत. शहरात चार ठिकाणी कॉफीची दुकानं असलेली एक बाई आपल्या दुकानांचं सगळं दूध या डेअरीचं घेत असे. तिला सगळे नुसतं ‘कॉफीवाली’ म्हणत. तिने निरोप धाडला: पंधरा दिवसांत चव सुधारली नाही तर दुसरी डेअरी बघते, शेवटची बाटली मी स्वतः येऊन पिऊन बघणार.

तो निरोप आला आणि साहेब एकदम शहाणे झाले. मग त्यांना उलट शहाणपण सुचलं. “सत्तर करू. अजून हलकी चव येईल.”

बाईंनी पुन्हा कागद काढला. “दोन डिग्री खाली उतरलं की दशांश वेळ दुप्पट होतो, तीनाचे साडेसहा सेकंद. पंधरा सेकंदांत मग दोनच फेऱ्या आणि थोडं. लाखाचे पाचशे उरतील. आगीतून निघून फुफाट्यात जायचंय का? बहात्तर. ना वर, ना खाली. आणि दूरचे टँकर बंद.”

“टँकर बंद केले तर दूध कमी पडेल.”

“कमी पडू देत. घाण पुरवून पुरतं का काही?”

पाच दिवस वाद चालला. शेवटी साहेबांनी टँकर बंद केले आणि मामांना म्हणाले, “बाई म्हणतील ते करा.” बाईंना वाटलं, जिंकलो. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या डेअरीत गुणगुणताना ऐकू आल्या, असं हमाल म्हणतात.

सोमवारी पहाटे जवळच्या गोठ्यांचं ताजं दूध आलं. बाईंनी झाकण उघडलं, श्वास घेतला आणि काहीच बोलल्या नाहीत. न बोलणं म्हणजे उत्तम. मामांनी काटा बहात्तरवर आणला, यंत्र चाललं. सहाच्या सुमाराला पहिली बाटली भरली. बाईंनी टोपण काढून वास घेतला: दुधाचा, नुसता दुधाचा. पंधरा वर्षांपूर्वी सोडलेला घोट त्यांनी त्या दिवशी जिभेवर ठेवला. गोडसर, स्वच्छ, मागे काही नाही. त्यांनी तो थुंकला, सवयीने.

मग नेहमीची चाचणी लावली. कच्च्या दुधात एक पाचक रस असतो. दूध पुरतं तापलं की तो मरतो, आणि रोगाचे जंतू त्याच्या जरा आधीच मरतात. म्हणून त्याचा मागमूस राहिला नाही तर निश्चिंत. नळीत दूध आणि औषध घालून गरम पेटीत ठेवायचं. रंग पांढरा राहिला तर दूध ठीक. पिवळा चढला तर त्या दुधात कच्चेपणा उरला. सहा महिने रोज पांढरा येत होता, ऐंशीचीच कृपा. दोन तासांनी बाई पेटी उघडायला गेल्या आणि उजव्या बाजूच्या तीनही नळ्या फिक्या पिवळ्या होत्या.

बाईंनी डोळे मिटून परत उघडले. पिवळ्याच.

औषध जुनं असेल म्हणून नवी बाटली फोडली. मुद्दाम उकळलेलं दूध बाजूला लावून पाहिलं, ते पांढरं. यंत्राचा कागदी पट्टा आणला: लाल रेघ सरळ, बहात्तर दशांश दोन, कुठेही डगमग नाही. पट्टा खोटं बोलत नव्हता. पण पट्टा फक्त ताप लिहितो. वेळ कुणी लिहीत नाही. वेळ भिंतीवर टांगलेला असतो, पाइपाच्या रूपाने.

बाई शेडमधे गेल्या आणि भिंतीकडे पाहिलं. पाइपाच्या दोनच फेऱ्या होत्या.

गेले कित्येक महिने त्या या भिंतीसमोरून रोज दहादा गेल्या होत्या.

त्याच वेळी ऑफिसातून हसण्याचा आवाज आला. काचेतून दिसलं: साहेब, समोर कॉफीवाली, मधे आज सकाळच्या भरणीतली बाटली आणि दोन ग्लास. साहेबांनी दोन्ही ग्लास भरले होते. कॉफीवालीने एक उचलला.

बाई धावल्या. पन्नाशी उलटलेल्या बाईंना डेअरीत कुणी धावताना पाहिलं नव्हतं. दार ढकलून त्यांनी ग्लास तिच्या ओठांजवळून काढून घेतला, थोडं दूध कॉफीवालीच्या ओढणीवर सांडलं.

“पिऊ नका.”

“अहो बाई!” साहेब उठले.

“चव चांगली आहे हो,” कॉफीवाली गोंधळून म्हणाली. “वासही उत्तम. तुमचे साहेब म्हणाले, ही तुमचीच करामत.”

“करामत माझीच. दूध कच्चं राहिलंय.”

साहेबांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. त्यांनी आवाज खाली आणला. “बाई, जरा बाहेर या.”

“इथेच बोला.”

“बहुतेक जंतू मेलेत ना?”

“बहुतेक.” त्या शब्दाची बाईंना शिसारी आली. “पाइपाची फेरी कमी झालीय. साडेदहा-अकरा सेकंद मिळत असतील. साडेतीन दशांश वेळा. लाखातला एक उरायला हवा तिथं तीस उरतात. यांच्या कपात त्या तीसांतला कोण असेल हे सांगणारं भिंग माझ्याकडे नाही.”

कॉफीवालीने आपली पिशवी उचलली. “मला दूध विकणाऱ्यांकडे दोन प्रकारची माणसं हवीत,” ती म्हणाली, “बनवणारी आणि थांबवणारी. तुमच्याकडे एकच दिसली.” एवढं बोलून ती गेली, आणि परत आली नाही. पुढे तिने दुसरी डेअरी धरली, हे सगळ्यांना कळलं.

साहेब भडकले. “गेलं! एक ग्लास पिऊ दिला असता तर? आता मी परत ऐंशी करतो. काही झालं तरी ऐंशी. तुमचं ते बहात्तर गेलं खड्ड्यात.”

“आज पिवळा रंग आला तो बहात्तरमुळे नव्हे, फेरी गेल्यामुळे. ऐंशीला ती चूक लपत होती इतकंच.”

“फेरी कुणी काढली?”

बाईंनी दाराकडे पाहिलं. मामा दारात उभे होते.

मामांचं असं झालं होतं. पाच महिन्यांपूर्वी तिसऱ्या फेरीच्या जोडाला गळती लागली. मामांनी जोड उघडला तर रबरी कड्याखाली बोटभर चिकट थर, करडा, लोंबकळणारा. दूरच्या घाणेरड्या दुधाने तो तिथे पोसला होता. वास असा की मामा बाहेर जाऊन ओकले. आपल्या पाइपातून असलं दूध जायला नको म्हणून त्यांनी ती फेरी उतरवून ठेवली आणि दोन फेऱ्या सरळ जोडल्या. तेव्हा काटा ऐंशीवर. “ऐंशीला दोन फेऱ्या भरपूर,” असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं. नवं कडं आलं की परत लावू म्हणाले. कडं आलं नाही. मग सांगायचंच राहिलं.

“तू बहात्तर करा म्हणालीस,” मामा म्हणाले, “आणि मी केलं. हात काट्यावर होता, फेरी डोक्यातच आली नाही. माझी चूक.”

“आणि मी पाच महिने भिंतीकडे बघितलं नाही,” बाई म्हणाल्या. “बहात्तर मागताना पाइप मोजायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं का? तुम्हीच शिकवलं होतं.”

आपलेच दात, आपलेच ओठ. बाईंना मामांवर चिडता आलं नाही, आणि स्वतःवर चिडून दुधाला फायदा नव्हता. साहेबांनी विचारलं, “परत तापवता येणार नाही का हे?” तापवता आलं असतं, पण बाटल्या उघडून, ओतून, हात लावून, दुसऱ्यांदा तापवून. आधीच नाजूक चव, दुसऱ्या तापाने संपली असती. वर बाटल्यांतून ओतताना किती हात लागणार ते वेगळंच. बाई म्हणाल्या, “मी सही करणार नाही.” साहेब म्हणाले, “तुमच्या सहीशिवाय काही जात नाही.” बाई म्हणाल्या, “म्हणूनच.”

तीन हजार बाटल्या. नालीच्या तोंडाशी बसून सात माणसांनी त्या उघडून ओतून द्यायच्या ठरल्या. दुपार झाली तसं शेड तापलं आणि सांडलेलं दूध आंबायला लागलं. आपल्याला सकाळी ज्या दुधाला नावं ठेवायला जागा सापडली नाही तेच दूध नालीत आंबट होऊन, भिंतीवर चढून, बुटांच्या तळव्याला चिकटतंय, हे बाई टोपणं काढता काढता बघत होत्या. साहेब एकदा येऊन बघून गेले. त्यांनी नाकाला रुमाल लावला. बाईंना वाटलं, आला एकदाचा यांना वास.

मामा शेजारी बसून टोपणं काढत होते.

“रागावलीस?”

“नाही.”

“मग बोलत का नाहीस?”

“तोंड उघडलं की वास आत जातो, मामा.”

मामा हसले नाहीत. बाटली उलटी करून म्हणाले, “ती फेरी मागच्या खोलीत आहे. कडं माझ्याकडे जुनं आहे, पण ते घालणार नाही. नवं आणतो. उद्या लावतो.”

“उद्या नाही. आज. मी थांबते.”

तासाभराने मामा स्वतः बाजारात जाऊन नवं रबरी कडं घेऊन आले. आणि मग ते काम निघालं, जे कुणालाच करायचं नव्हतं. मागच्या खोलीतली फेरी उघडली तर आतला थर वाळून चामड्यासारखा झाला होता आणि पाण्याने परत जिवंत झाला. बाईंनी हातमोजे घालून ब्रश आत घातला. जेव्हा जेव्हा ब्रश बाहेर येई, तेव्हा त्यावर करडी दोरी लोंबकळे. मामा पाण्याचा नळ धरून उभे, तोंड दुसरीकडे. बाई मात्र बघत होत्या. असं बघता येत होतं म्हणूनच त्यांना हा धंदा येत होता. कॉस्टिक सोड्याने, मग ऍसिडने, मग पाण्याने, मग परत, धुवत धुवत जेव्हा पाणी आत जसं गेलं तसं बाहेर आलं तेव्हाच त्यांनी फेरी भिंतीवर चढवायला दिली.

मग मीठ. पाइपातून नुसतं पाणी चालवायचं, सुरुवातीला सुईने दाट मिठाचं पाणी टोचायचं, शेवटी वीजवाहकता मोजणारी तार बसवलेली असते. मीठ पोचलं की काटा उडतो, मधला वेळ म्हणजे पाइपाचा वेळ. मामांनी घड्याळ हातात घेतलं. बाईंनी टोचलं.

“सोळा.”

“परत.”

“सोळा.”

“परत.”

“पंधरा दशांश नऊ.”

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या.

साहेब घरी जायला निघाले होते. दारात थांबून म्हणाले, “बाई, उद्या ऐंशी. मी आज्ञा लिहून ठेवली आहे.”

“आज्ञा लिहा. त्यात सोळा सेकंद आणि ऐंशी डिग्री, दोन्ही लिहा, आणि खाली सही करा की जळकी चव मान्य आहे. तुमचं कागदपत्र नीट राहील.”

साहेबांनी खिशातला आज्ञेचा कागद काढला, तो फाडला नाही, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “रोज सकाळी पहिल्या थेंबाआधी हे मीठ टोचून आकडा मला दाखवा. मग बहात्तर.”

“मला आता ती चाचणी सकाळी साडेचारला करावी लागेल.”

“करा.”

बाईंनी मान डोलावली. मामांनी शेडमधली काळी फळी पुसली. आजवर तिच्यावर एकच आकडा लिहिलेला असे: ताप. बाईंनी खडू घेतला, वर बहात्तर लिहिलं आणि त्याखाली सोळा. मग हातमोजे काढले आणि हातांचा वास घेऊन बघितला. अजून वास होता. त्या परत धुवायला गेल्या.